रिझल्ट्समध्ये पी ०.०९ आलं, आता वाक्य कसं लिहायचं?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. फिजिओथेरपीचा थिसिस लिहितेय आणि त्यातूनच एक पेपर पाठवला होता, तो रिव्ह्यू होऊन परत आलाय. अभ्यास साधाच आहे, गुडघेदुखीचे पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे रँडम दोन गट, एका गटाला १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम आणि दुसऱ्याला फक्त माहितीपत्रक. दुखणं ० ते १०० च्या स्केलवर मोजलं, ० म्हणजे अजिबात नाही. दोन्हीकडे ६०-६० जणांचा डेटा आहे. सुरुवातीला दोन्ही गट ५८ च्या आसपास होते. व्यायामवाल्यांचं दुखणं सरासरी १४.१ नी उतरलं, पत्रकवाल्यांचं ७.९ नी, दोन्हीकडे स्टँडर्ड डेव्हिएशन २० च्या जवळ. टी टेस्टचा पी ०.०९.

मी लिहिलं होतं, "दोन गटांत सिग्निफिकंट फरक आढळला नाही (पी ०.०९), म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम माहितीपत्रकापेक्षा प्रभावी नाही." रिव्ह्यूअर म्हणतो की इफेक्ट किती आहे आणि त्याबद्दल खात्री किती आहे ते साध्या शब्दांत लिहा, हे वाक्य डेटावरून निघत नाही. आणि माझे गाईड अगदी उलट बाजूला, ते म्हणतात व्यायामाच्या गटात १४ गुणांची घट आहे आणि तिचा पी ०.००१ पेक्षा कमी आहे, तेच अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये टाक आणि गटांतल्या फरकासाठी "सिग्निफिकन्सकडे कल दिसतो" असं लिही. मला दोन्ही पटत नाहीये पण मग नेमकं लिहू काय? वाक्यच्या वाक्य सुचवलंत तर बरं.

चौकस

मुळात टी टेस्ट का लावली? दुखण्याचा स्केल नॉर्मल नसतो, लोक १०, २०, ५० असे गोल आकडे सांगतात. मान-व्हिटनी लावून बघा, कदाचित पी खाली येईल आणि प्रश्नच मिटेल.

अंकगणिती

@चौकस, त्यांचा प्रश्न टेस्ट कुठली हा नाहीये, आलेला निकाल शब्दांत कसा मांडायचा हा आहे. आणि ६०-६० जणांच्या सरासरीसाठी टी टेस्ट बऱ्यापैकी सहन करते. मान-व्हिटनी लावली तर हातात "इतके गुण" असं थेट सांगता येण्यासारखं काही उरत नाही, जे नेमकं रिव्ह्यूअरला हवंय. बरं, पी खाली येतो का म्हणून दुसरी टेस्ट लावून बघणं हा तर वेगळाच घोळ, ते नकोच.

@कोरा_कागद, तुमच्या पोस्टमध्ये सगळं आहे, फक्त सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही कुठेच लिहिलेला नाही. १४.१ वजा ७.९, म्हणजे ६.२. तुमच्या अभ्यासाचा निकाल हाच. आता त्याची अनिश्चितता. डेव्हिएशन २० आणि गटात ६० जण असतील तर फरकाचा स्टँडर्ड एरर साधारण ३.६५ येतो, त्याची जवळजवळ दुप्पट दोन्ही बाजूंना घेतली की ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल येतो उणे १.० ते १३.४. सॉफ्टवेअरच्या आउटपुटमध्ये पीच्या शेजारीच हे दोन आकडे असतील, बघा.

आता तुमचं वाक्य ह्या इंटर्व्हलसमोर धरून वाचा. "प्रभावी नाही" असं म्हणायचं तर इंटर्व्हलमध्ये फक्त शून्य आणि शून्याच्या आसपासचे क्षुल्लक फरक असायला हवेत. इथे तो १३ पर्यंत जातो. प्रोटोकॉलमध्ये पेशंटला जाणवेल असा कमीत कमी फरक किती धरला होता?

कोरा_कागद

हो, १० गुण. सॅम्पल साईझ त्यावरूनच काढला होता. आउटपुटमध्ये बघितलं, उणे १.०३ ते १३.४३ आहे.

अंकगणिती

मग झालंच. १० तुमच्या इंटर्व्हलच्या आत पडतो. म्हणजे पेशंटला जाणवेल इतका फायदा असण्याची शक्यता तुमच्या अभ्यासाने बाद केलेली नाही, आणि फायदा जवळजवळ शून्य असण्याचीही नाही. बाद काय झालंय? व्यायामाने दुखणं पत्रकापेक्षा एखाद्या गुणाहून जास्त वाढतं, हे ह्या डेटाशी जुळत नाही, आणि १३-१४ गुणांपेक्षा मोठा फायदा पण जुळत नाही. आणि आणखी एक गोष्ट लोक विसरतात, इंटर्व्हलमधले सगळे आकडे सारख्या वजनाचे नसतात, ६ च्या आसपासचे आकडे डेटाशी सगळ्यात चांगले जुळतात आणि टोकाचे सगळ्यात कमी. त्यामुळे "शून्य आत आहे" एवढ्यावर थांबणं म्हणजे १४ गुण रुंद पट्ट्यातला एकच बिंदू बघणं झालं.

ऑल्टमन आणि ब्लँड ह्यांनी १९९५ मध्येच बीएमजेत ह्यावर अर्ध्या पानाची टीप लिहिली होती की पुरावा सापडला नाही म्हणजे परिणाम नसल्याचा पुरावा सापडला असं होत नाही. तरी आजही निम्म्या थिसिसमध्ये हेच वाक्य असतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण पुढे कोणीतरी तेवढंच वाक्य उचलून उपचार बंद करतं.

रानवारा

गाईडचंही अगदीच चुकीचं नाहीये असं मला वाटतं. १४ गुण घट हा इफेक्टच आहे ना, आणि पी पण कडक आहे. दुसऱ्या गटाचं वेगळं द्यायचं. आणि इफेक्ट साईझ हवा असेल तर कोहेनचा डी काढा, ६.२ भागिले २० म्हणजे ०.३१. ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. "लहान इफेक्ट आढळला" असं लिहिलं की रिव्ह्यूअर खूश. रेस्पॉन्डर अ‍ॅनालिसिस केलं असेल तर ऑड्स रेशो द्या, तो वाचायला दणदणीत दिसतो.

मध्यरात्र

रानवारा, त्या १४ मधले ८ गुण पत्रकवाल्यांचे पण उतरलेत की. तेही उतरले कारण गुडघेदुखीचे पेशंट दुखणं चढलेलं असतानाच दवाखान्यात येतात, काही आपसूक खाली येतं, काही आपली कोणी विचारपूस करतंय ह्याने, काही गोळ्यांनी. कंट्रोल गट घेतलाच कशाला मग? दोन गट घ्यायचे आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये एकाच गटाची घट लिहायची, म्हणजे अर्धा अभ्यास फेकून दिला.

अंकगणिती

मध्यरात्र म्हणतात ते बरोबर, आणि इथे तर गंमत अशी की गटाच्या आत बघितलं तर दोन्हीकडची घट सिग्निफिकंट येते. १४.१ भागिले २.६ आणि ७.९ भागिले २.६, एकीकडे टी साडेपाचच्या जवळ, दुसरीकडे तीनच्या. म्हणजे गाईडच्या हिशेबाने माहितीपत्रकसुद्धा प्रभावी उपचार ठरतं. दोन गटांचे वेगवेगळे पी शेजारी ठेवून तुलना होत नाही, फरकाचाच अंदाज आणि फरकाचाच इंटर्व्हल लागतो. घट दोन्ही गटांची जरूर द्या, वाचकाला चित्र दिसतं, पण निकाल म्हणून फरक द्या.

"सिग्निफिकन्सकडे कल" ह्याबद्दल. कल म्हटलं की वाचकाला वाटतं अजून थोडे पेशंट घेतले असते तर ०.०५ च्या खाली आलंच असतं. तसं काही ठरलेलं नसतं. आणखी पेशंट घेतले की इंटर्व्हल अरुंद होईल हे खरं, पण तो ६ भोवतीच अरुंद होईल का २ भोवती का ९ भोवती हे आज कोणालाच माहीत नाही. ०.०९ हा आकडा कुठे चाललेला नाही, तो तिथेच आहे. त्यामुळे पी आहे तसा लिहा, ०.०९, त्याला विशेषण लावू नका.

आता डी. रानवारा, ०.३१ बरोबर काढलात, पण "लहान" हा शिक्का गुडघेदुखीतून आलेला नाही. कोहेनने ते तीन आकडे दुसरं काहीच हाताशी नसेल तेव्हा वापरायला दिले होते आणि सरसकट वापरू नका असं स्वतःच बजावलं होतं. इथे तर हाताशी गुण आहेत, १० गुणांची मर्यादा आहे, पेशंटला समजेल असा स्केल आहे. मग डीएवढंच देऊन गुण का लपवायचे? डी हवा तर टेबलमध्ये ठेवा, मेटा-अ‍ॅनालिसिस करणाऱ्याला उपयोगी पडतो. वाक्यात गुण येऊ देत.

झुळूक

माझी केस बरोबर उलटी आहे म्हणून विचारते. मी हेल्थ अ‍ॅपच्या कंपनीत काम करते, आमच्याकडे झोपेच्या आठवणीचा एक फीचर टेस्ट केला, १२-१२ हजार लोक दोन्ही बाजूंना. फरक आला रात्रीला २ मिनिटं, डेव्हिएशन तासाभराचं, पी ०.०१. अहवालात "झोपेत सिग्निफिकंट वाढ" असं गेलं आणि वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे तिकडे ६ गुणांचा फरक "नाही" आणि इकडे २ मिनिटांचा फरक "आहे"? मला हे पचत नाही.

अंकगणिती

पचू नयेच. तुमच्या आकड्यांवरून इंटर्व्हल साधारण अर्धा मिनिट ते साडेतीन मिनिटं येतो. म्हणजे शून्य नाही हे तुम्हाला बऱ्यापैकी ठाम माहीत आहे, आणि ते जास्तीत जास्त साडेतीन मिनिटं आहे हेही तितकंच ठाम माहीत आहे. अहवालातलं वाक्य असं व्हायला हवं होतं, "फीचर मिळालेले लोक रात्रीला सरासरी २ मिनिटं जास्त झोपले (९५ टक्के इंटर्व्हल अर्धा ते साडेतीन मिनिटं)". मिनिटं लिहिली की टाळ्या किती वाजवायच्या ते वाचक स्वतः ठरवतो. पी सॅम्पल साईझ आणि परिणाम दोन्ही एकत्र कालवतो, म्हणून एकट्या पीवरून ह्यातलं काहीच कळत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी व्हॅल्यूवर जे निवेदन काढलं त्यातही हे आहे, की पी परिणामाचा आकार मोजत नाही.

कोरा_कागद

खूप स्पष्ट झालं. रेस्पॉन्डरचं पण आहे माझ्याकडे, रानवारांनी विचारलं म्हणून सांगते. दुखणं निदान ३० टक्क्यांनी कमी झालेले: व्यायामात ६० पैकी २७, पत्रकात ६० पैकी १८. ऑड्स रेशो १.९१, इंटर्व्हल ०.९० ते ४.०४. मी लिहिलं होतं की व्यायामाने बरं वाटण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते.

रानवारा

हेच म्हणत होतो, हे वाक्य मस्त आहे. फक्त "इंटर्व्हलमध्ये १ येतो" एवढं जोडा.

अंकगणिती

नाही हो, इथे थांबा. २७ म्हणजे ४५ टक्के, १८ म्हणजे ३० टक्के. ४५ हे ३० च्या दीडपट आहेत, दुप्पट नाहीत. दुप्पट झाले ते ऑड्स, म्हणजे २७ ला ३३ आणि १८ ला ४२ हे प्रमाण. घटना विरळ असेल, शंभरात दोन-चार, तेव्हा ऑड्स रेशो आणि शक्यतांचं गुणोत्तर जवळजवळ सारखे येतात म्हणून लोक एकाच्या जागी दुसरं वाचतात आणि खपून जातं. इथे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त लोकांना फरक पडलाय, तिथे ऑड्स रेशो शक्यतेसारखा वाचला की परिणाम फुगतो. लॉजिस्टिक रिग्रेशनमधून आउटपुट आपोआप ऑड्स रेशो देतं म्हणून तो पेपरभर पसरलाय, एवढंच.

माणसांच्या भाषेत लिहा. "व्यायामाच्या गटातल्या १०० पैकी ४५ जणांना आणि पत्रक गटातल्या १०० पैकी ३० जणांना निदान ३० टक्के आराम पडला, म्हणजे १०० मागे १५ जण जास्त (९५ टक्के इंटर्व्हल: २ कमी ते ३२ जास्त)." गुणोत्तर द्यायचं तर त्याच्या शेजारी, १.५ पट, ०.९ ते २.४. कन्सॉर्टमध्येही हो-नाही प्रकारच्या निकालांना फरक आणि गुणोत्तर दोन्ही द्या असं सुचवलेलं आहे. एकटं गुणोत्तर दिलं की वाचकाला कळत नाही की दीडपट म्हणजे ३० चे ४५ का २ चे ३.

आणि "१५ टक्के जास्त" असं लिहू नका, कोणीतरी ते ३० च्या १५ टक्के म्हणून वाचतं. १०० मागे १५ जण म्हटलं की दुसरा अर्थ निघत नाही.

मध्यरात्र

ह्या सगळ्यात एक गोष्ट राहतेय. इंटर्व्हल शब्दांत कसा सांगायचा? सगळेजण लिहितात की खरा फरक उणे १ ते १३ मध्ये असण्याची ९५ टक्के शक्यता आहे.

अंकगणिती

मी तसं लिहीत नाही आणि लिहू देत नाही. ९५ टक्के हा गुण पद्धतीचा आहे, असे अभ्यास पुन्हा पुन्हा केले तर त्यातून निघणाऱ्या इंटर्व्हलपैकी ९५ टक्क्यांत खरा आकडा सापडेल, ह्या एका इंटर्व्हलबद्दल ते विधान नाही. मी "आमच्या डेटाशी जुळणारे फरक" असं लिहिते. उणे १ पासून १३ पर्यंतचे फरक डेटाशी जुळतात. वाचायला सोपं आणि खोटं नाही.

मध्यरात्र

सैद्धांतिक मुद्दा मान्य, पण तुम्ही "जुळणारे" लिहिलंत तरी वाचणारा डोक्यात "बहुधा ह्यातच असेल" असंच करून घेणार. आणि आधीची काहीच माहिती धरली नाही तर बेझच्या पद्धतीनेही इथे जवळपास हेच दोन आकडे येतात, मग तेव्हा शक्यता म्हणायला हरकत नाही. मला वाटतं ह्यावर आपण वाचकाला उगाच अडवतोय.

अंकगणिती

आधीची काहीच माहिती नाही हे गुडघेदुखीच्या व्यायामाबद्दल कोण म्हणेल? ह्यावर ढीगभर ट्रायल्स झाल्यात. बेझ करायचं तर ती माहिती घालून नीट करा आणि मग खुशाल शक्यता म्हणा. कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढून त्याला शक्यतेचं लेबल लावायचं नाही.

मध्यरात्र

ठीक, इथे आपलं जमणार नाही. 🙂 पण जर्नलने साध्या भाषेतला सारांश मागितला तर मी "बहुधा" वापरणार.

झुळूक

आणि इंटर्व्हल रुंद आहे ह्याला कारण फक्त ६० लोक एवढंच का? म्हणजे बाकीच्या गोष्टींची अनिश्चितता त्यात धरलेली असते?

अंकगणिती

चांगलं विचारलंत. नाही धरलेली. इंटर्व्हलमध्ये फक्त रँडमपणाची अनिश्चितता येते, ह्याच पद्धतीने दुसरे ६०-६० आले असते तर किती हललं असतं एवढीच. कोण सोडून गेलं, कोणी व्यायाम केलाच नाही, गट माहीत असल्यामुळे पेशंटने दुखणं कमी सांगितलं, ह्याबद्दल तो गप्प असतो. @कोरा_कागद, गळती किती होती?

कोरा_कागद

६८-६८ घेतले होते, दोन्हीकडून ८-८ गेले. व्यायामवाल्यांतले ५ जण दुखणं वाढलं म्हणून गेले, पत्रकातले बहुतेक नुसते फोन उचलत नव्हते.

अंकगणिती

मग हे रिझल्ट्समध्ये फरकाच्या वाक्याच्या लगेच आसपास यायलाच हवं, टेबलच्या तळटीपेत नको. आकडा सारखा, ८-८, पण कारणं वेगळी आहेत. दुखणं वाढलेले ५ जण हिशेबात नसतील तर ६.२ हा आकडाच वर सरकलेला असू शकतो आणि इंटर्व्हल तुम्हाला ते सांगणार नाही. गेलेल्यांसाठी वेगवेगळी गृहीतकं धरून एक सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस करा आणि फरक किती हलतो ते गुणांत लिहा. हलला नाही तर तेही लिहा.

कोरा_कागद

करते. तोपर्यंत हा मसुदा बघा:

"१२ आठवड्यांनंतर दुखणं व्यायामाच्या गटात सरासरी १४ गुणांनी आणि पत्रक गटात ८ गुणांनी कमी झालं. व्यायामाच्या गटात ते सरासरी ६ गुण जास्त उतरलं (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल: १ गुण कमी ते १३ गुण जास्त, पी ०.०९). व्यायामाचा जादा फायदा जवळपास नसणं आणि आधी ठरवलेल्या १० गुणांहून मोठा असणं, ह्या दोन्ही गोष्टी आमच्या डेटाशी जुळतात. दोन्ही गटांतून प्रत्येकी ८ जण बाहेर पडले. व्यायामाच्या गटातल्या ५ जणांनी दुखणं वाढल्याचं कारण दिलं."

रानवारा

चांगलं आहे, पण तिसरं वाक्य रिझल्ट्समध्ये चालणार नाही. ते डिस्कशन झालं. आमच्या विभागात रिझल्ट्समध्ये अर्थ लावला की लाल पेन फिरतो.

अंकगणिती

मी ते ठेवेन. १० ची मर्यादा प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेली आहे, इंटर्व्हल तिच्या कुठल्या बाजूला पडतो हे सांगणं म्हणजे मोजमापच. का असं झालं, आधीच्या अभ्यासांशी जुळतं का, ते डिस्कशनमध्ये. पण जर्नलागणिक ह्यात फरक आहे हे खरं, ह्याच जर्नलचे अलीकडचे चार-पाच ट्रायल पेपर काढून बघा ते काय करतात.

मध्यरात्र

माझंही मत ठेवा असंच. नाही ठेवलं तर वाचणारा ०.०९ बघून "फरक नाही" असं स्वतःच लिहून मोकळा होतो.

कोरा_कागद

ठेवते, बघू रिव्ह्यूअर काय म्हणतो. गाईडना अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये १४ हवेच आहेत, त्यांना मी दोन्ही गटांची घट आणि मग ६ चा फरक असं एका ओळीत करून दाखवणार आहे, मानतील की नाही माहीत नाही.

अंकगणिती

दाखवा. आणि पाठवायच्या आधी एक तपासा, टेबलमध्ये सॉफ्टवेअरने फरक उणे ६.२ असा दिलाय का, कारण शेवटच्या गुणांतून वजाबाकी केली तर दुखणं कमी म्हणजे आकडा ऋण येतो आणि इंटर्व्हलही उलटा होतो, उणे १३.४ ते १.०. मजकुरात "६ गुण जास्त उतरलं" आणि टेबलमध्ये उणे ६.२ असं असेल तर टेबलच्या शीर्षकातच लिहा की ऋण म्हणजे व्यायामाच्या बाजूने. दशांशही दोन ठेवू नका, पेशंट गोल आकडे सांगतात तिथे १३.४३ मधल्या त्या शेवटच्या ३ ला काही आधार नाही.

चौकस

पण मान-व्हिटनीचा पी किती आला असता ते एकदा बघायला काय हरकत होती?